गोल चट्ट्याची कड

संगणकाच्या पडद्यावर एक फोटो येतो. सावळ्या कातडीवर एक गोल चट्टा, कड उठलेली, मधला भाग जवळजवळ नेहमीच्या कातडीसारखा. खाली चार पर्याय: टिनिया कॉर्पोरिस म्हणजे आपलं गजकर्ण, बॉर्डरलाइन ट्युबरक्युलॉइड प्रकारचा कुष्ठरोग, ग्रॅन्युलोमा अ‍ॅन्युलरे आणि पिटिरियासिस रोझिया. नीट-पीजीच्या पेपरात साडेतीन तासांत 200 प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे या फोटोच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येतं. परदेशात डॉक्टरकी शिकून आलेल्या मुलामुलींच्या एफएमजीई परीक्षेतही असे फोटो विचारले जातात.

बहुतेक विद्यार्थी ‘गोल दिसलं की गजकर्ण’ या हिशेबाने पहिल्या पर्यायावर टिचकी मारतात. पुष्कळदा ते बरोबरही निघतं, कारण आपल्याकडे गजकर्ण खरोखरच उदंड आहे. परीक्षकालाही हे ठाऊक असतं. म्हणून तो मुद्दाम असं वर्तुळ निवडतो, ज्याची कड वेगळं काही सांगत असते. त्वचारोग शिकवणारे अनुभवी शिक्षक मुलांना एकच शिस्त लावू पाहतात. आधी रोगाचं नाव घ्यायचं नाही, आधी वर्णन करायचं. डोळ्यांना काय दिसतंय ते ठरावीक शब्दांत एका वाक्यात मांडायचं आणि त्या वाक्यातून नाव निघतं का ते पाहायचं. या ठरावीक शब्दांच्या शास्त्राला त्वचारोगात मॉर्फॉलॉजी म्हणतात.

ही शिस्त जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्वचारोगांच्या नावांचा मोठा गोंधळ होता. एकाच पुरळाला निरनिराळे वैद्य निरनिराळी नावं देत. लंडनमधल्या कॅरी स्ट्रीटवरच्या सार्वजनिक दवाखान्यात गरीब रुग्णांना तपासणाऱ्या रॉबर्ट विलन या डॉक्टरने 1798पासून रंगीत चित्रांसह आपला ग्रंथ भागाभागाने छापायला सुरुवात केली. रोग रक्तातून आला की पित्तातून, हा वाद त्याने बाजूला ठेवला आणि कातडीवर जे दिसतं त्यावरून आठ गट पाडले: पुळ्या, कोंडा धरणारे चट्टे, लालसर पुरळ, मोठे फोड, पाण्याच्या बारीक पुटकुळ्या, पुवाच्या पुटकुळ्या, गाठी आणि डाग. 1812 साली तो वारला. त्याचं अपुरं काम थॉमस बेटमन या शिष्याने पुढे नेलं आणि 1817मध्ये चित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. आज परीक्षेत जे शब्द लागतात, त्यांतले बरेचसे याच परंपरेतले आहेत.

मूळ शब्द फार नाहीत. पहिला प्रश्न असा विचारायचा: डोळे मिटून बोट फिरवलं तर काही लागेल का? काहीच लागत नसेल, फक्त रंग बदललेला असेल, तर लहान डागाला मॅक्यूल आणि मोठ्याला पॅच म्हणायचं. कोडाचा पांढरा डाग पॅच असतो, गालावरचा वांगही पॅचच. बोटाला उंचवटा लागत असेल तर लहान उंचवटा पॅप्यूल आणि पसरट मोठा उंचवटा प्लाक. उंचवटा कातडीत खोलवर मुरलेला, गोळीसारखा लागला तर नोड्यूल. मग दुसरा प्रश्न येतो, आत द्रव आहे का? स्वच्छ पाणी भरलेली लहान पुटकुळी ही व्हेसिकल, नागिणीत तिचे झुबके दिसतात. मोठा फोड म्हणजे बुला, आणि पू असेल तर पस्च्यूल. अंगावर पित्त उठतं तेव्हाची गांधी म्हणजे व्हील. ती उंच असते, पण आत पाण्याची पिशवी नसते, सूज असते.

लहान आणि मोठं यांची सीमा काही पुस्तकं अर्धा सेंटिमीटर धरतात, काही एक सेंटिमीटर. विद्यार्थी यावर भांडत बसतात, पण एवढं मनावर घ्यायचं कारण नाही. शहाणा परीक्षक सीमेवरच्या आकाराचा फोटो देतच नाही. त्याला सपाट आणि उंच, कोरडं आणि पाणी भरलेलं, एवढा फरक कळतो का हे पाहायचं असतं.

आता पुन्हा त्या गोल चट्ट्याकडे येऊ. वर्तुळाकार मांडणीला अ‍ॅन्युलर म्हणतात आणि परीक्षेत हा शब्द सतत भेटतो. पण अ‍ॅन्युलर एवढंच म्हटलं तर उत्तराच्या जवळ फारसं जाता येत नाही, कारण अंगावर वर्तुळ काढणारे रोग डझनाहून अधिक आहेत. त्यांना वेगळं करणारी सगळ्यांत कामाची खूण म्हणजे कोंडा, परीक्षेच्या भाषेत स्केल. कोंडा आहे की नाही, आणि असेल तर वर्तुळाच्या नेमक्या कोणत्या भागावर?

कोंड्याला इतकं महत्त्व का, हे कातडीच्या थरांवरून कळतं. वरचा थर, एपिडर्मिस, सतत नव्या पेशी घडवून जुन्या वर ढकलत असतो. त्या मरून अगदी बाहेरचा केराटिनचा पातळ पापुद्रा बनतात आणि नकळत झडून जातात. या वरच्या थरात काही बिघाड झाला की झडणं डोळ्यांना दिसू लागतं, तोच कोंडा. रोग खालच्या थरात, डर्मिसमध्ये असेल आणि वरचा थर शाबूत असेल, तर चट्टा कितीही उठलेला असला तरी पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. म्हणजे कोंडा पाहून रोग कोणत्या मजल्यावर राहतो याचा अंदाज येतो.

गजकर्णाची बुरशी केराटिनवर जगते, म्हणून ती अगदी वरच्या पापुद्र्यात घर करते. एका ठिकाणी रुजली की तिचे तंतू सगळ्या दिशांनी बाहेर सरकतात. जिथे ती नव्याने पोचते तिथे शरीर प्रतिकार करतं, तिथेच कातडी उठते, खाजते, कोंडा धरते. मागे राहिलेल्या मधल्या भागातली लढाई शमत जाते आणि तो बराचसा साफ होतो. वर्तुळ असं तयार होतं, आणि कोंडा कडेवर असतो तो यामुळेच. नमुनेदार फोटोचं वर्णन काहीसं असं होईल: ‘कमरेच्या उजव्या बाजूला साधारण आठ सेंटिमीटरचा, ठळक सीमेचा अ‍ॅन्युलर प्लाक, कड उंच, तिच्यावर बारीक पॅप्यूल आणि कोंडा, मधला भाग तुलनेने साफ, किंचित काळसर.’ एवढं वाक्य लिहून झालं की नाव शोधावं लागत नाही.

या वाक्यातले दोन शब्द बदलून पाहा. कोंडा काढून टाका आणि जागा कमरेऐवजी हाताच्या पंजाची मागची बाजू करा. आता वर्तुळ गुळगुळीत आहे, आणि नीट पाहिलं तर ते कातडीच्याच रंगाच्या छोट्या घट्ट पॅप्यूलांची साखळी आहे. खाज नाही. हा ग्रॅन्युलोमा अ‍ॅन्युलरे. रोग डर्मिसमध्ये आहे, वरच्या थराचा त्याच्याशी संबंध नाही, म्हणून कोंडा नाही. लहान मुलांत आणि तरुणांत तो दिसतो आणि बहुतेकांत कालांतराने आपणहून जातो. अशा मुलांना महिनोन् महिने गजकर्णाची मलमं लावली जातात आणि पालक ‘औषध लागू पडत नाही’ म्हणत राहतात. लागू पडणार तरी कसं? बुरशी तिथे नसतेच.

पित्ताच्या गांध्याही कधी कधी वर्तुळाकार होतात. तिथेही कोंडा नसतो, पण फोटोखालच्या मजकुरात एक वाक्य हमखास असतं: एकेक गांधी चोवीस तासांच्या आत नाहीशी होते आणि दुसरीकडे नवी उठते. ते वाक्य वाचलं की बाकी काही पाहायची गरज उरत नाही.

पिटिरियासिस रोझियात कोंडा असतो, पण तो वेगळ्या जागी असतो. आधी छातीवर किंवा पाठीवर एकच मोठा चट्टा येतो, त्याला हेराल्ड पॅच म्हणतात. काही दिवसांनी, फार तर दोनेक आठवड्यांनी, धडावर पुष्कळ लहान लंबगोल चट्टे उमटतात. प्रत्येकाच्या कडेच्या थोडं आत पातळ कोंड्याची कडी असते. तिची सुटलेली बाजू मध्याकडे असते आणि चिकटलेली बाजू बाहेरच्या कडेकडे. हिला कॉलरेट म्हणतात. पाठीवर हे लंबगोल कातडीच्या ताणरेषांना धरून तिरके लागलेले दिसतात, पुस्तकं त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. सहा ते आठ आठवड्यांत हे सारं ओसरतं. परीक्षकाला खोडी काढायची असेल तर तो असाच फोटो देतो आणि शेजारी तळहातांचा दुसरा फोटो ठेवतो, ज्यावर तांबूस-तपकिरी कोंडाळ डाग असतात. तळहात आणि तळपाय आले की सिफिलिसची दुसरी अवस्था मनात आणायची आणि रक्ताच्या व्हीडीआरएल चाचणीचा पर्याय शोधायचा.

ही सगळी मंडळी परीक्षेत गुण देतात किंवा घेतात. कुष्ठरोगाचं वर्तुळ मात्र ओळखायचं राहिलं तर माणसाचा हात जातो, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू.

कुष्ठरोगाचा जीवाणू नॉर्वेतल्या बर्गेन शहरात गेरहार्ड आर्माउर हान्सेन यांनी 1873 साली शोधला. हा जीवाणू वरच्या पापुद्र्यात रमत नाही, त्याची आवडती जागा म्हणजे कातडीतल्या नसा. शरीराची प्रतिकारशक्ती बऱ्यापैकी असेल तर ती जीवाणूंना थोड्याच चट्ट्यांत कोंडते, पण त्या झटापटीत चट्ट्यातल्या नसा, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळंही नष्ट होतात. त्यामुळे चट्टा कोरडा पडतो, तिथे घाम येत नाही, केस विरळ होतात, स्पर्श कळत नाही. आजूबाजूच्या कातडीपेक्षा रंग फिकट किंवा तांबूस होतो. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे खाज बहुधा नसते. गजकर्णाचा रुग्ण खाजवून खाजवून बेजार होऊन येतो. कुष्ठरोगाचा रुग्ण पुष्कळदा आपल्या मनाने येतच नाही, कारण त्याला काही त्रास होत नसतो.

कडेचं वाचन इथे बारकाईने करावं लागतं. रिडली आणि जॉपलिंग यांनी 1966 साली कुष्ठरोगाची जी वर्गवारी केली ती परीक्षेत आजही विचारतात, आणि तिच्यातले प्रकार कडेच्या उतारावरून काही अंशी ओळखता येतात. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या ट्युबरक्युलॉइड बाजूच्या चट्ट्याची बाहेरची सीमा ठळक असते. बाहेरून येताना एकदम उंचवटा लागतो आणि तिथून मध्याकडे हलका उतार असतो, सरळ ठेवलेल्या बशीसारखा. प्रतिकारशक्ती डळमळीत असलेल्या मधल्या, म्हणजे मिड-बॉर्डरलाइन प्रकारात हे नेमकं उलटं होतं. आतली कड पंच मारून काढल्यासारखी स्पष्ट असते आणि बाहेरची कड नेहमीच्या कातडीत हळूहळू विरघळून जाते. फोटोत वर्तुळ दिसलं की बोट बाहेरून आत फिरवल्याची कल्पना करायची. धक्का आधी लागतो की नंतर? बॉर्डरलाइन ट्युबरक्युलॉइड प्रकारात बाहेरची कड पुष्कळशी ठळक असते, पण एखाद्या बाजूला जरा पुसट झालेली असते आणि मोठ्या चट्ट्याजवळ एखादा छोटा उपचट्टा बसलेला दिसतो. त्याला सॅटेलाइट लीजन म्हणतात.

आतापर्यंत सगळं सोपं वाटलं असेल: कोंडा असेल तर बुरशी, नसेल तर दुसरं काही. पण दोन गोष्टी हा नियम बिघडवतात. पहिली म्हणजे, कुष्ठरोगाच्या चट्ट्यात घाम नसल्याने कातडी इतकी कोरडी पडते की तिच्यावरही बारीक कोंडा दिसू शकतो. दुसरी म्हणजे, बुरशीवर स्टेरॉइडचं मलम लावलं की कोंडा नाहीसा होतो. गेल्या दशकभरात या दुसऱ्या गोष्टीने आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांना भंडावून सोडलं आहे. औषधाच्या दुकानात ‘खाजेचं मलम द्या’ म्हटलं की हातात पडणाऱ्या ट्यूबमध्ये पुष्कळदा बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखं जोरकस स्टेरॉइड अशी मिसळ असते. स्टेरॉइड शरीराचा प्रतिकार दाबतं. खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. मलम थांबवलं की सगळं दुपटीने उसळतं.

एक जोडी घेऊन हे पाहू. दोन फोटो आहेत, दोन्हींत गोल चट्टा आणि दोन्हींत कोंडा जेमतेम. मजकूर मी शिकवण्यासाठी रचला आहे, पण प्रश्नपत्रिकेत येतो तसाच.

पहिला फोटो कमरेचा आणि जांघेचा. अठ्ठावीस वर्षांचा तरुण, पाच महिन्यांपासून त्रास. दुकानातून आणलेलं मलम लावलं की बरं वाटतं, थांबवलं की वाढतं. घरातल्या आणखी एकाला खाज आहे. आता वर्णन करा. मोठा, वेडावाकडा पसरलेला प्लाक, रंग तपकिरी-जांभळट. सीमा काही ठिकाणी ठळक, काही ठिकाणी पुसट. वर्तुळाच्या आत दुसरं वर्तुळ, जणू आधीची कड विझण्याआधीच नवी पेटली. कोंडा अगदी पुसट. जांघेत कातडी पातळ पडून तांबूस पट्टे उमटलेले, ज्यांना स्ट्राया म्हणतात. इथे कोंड्याकडे पाहून फसायला होतं, पण आतलं दुसरं वर्तुळ आणि ते पट्टे गुपित फोडतात. हा स्टेरॉइडने रूप बदललेला टिनिया. वर्तुळात वर्तुळ दिसतं त्या प्रकाराला टिनिया स्यूडोइम्ब्रिकेटा म्हणतात. पुढची पायरी म्हणजे कडेवरून बोथट पात्याने खरवडून काढलेला भुगा काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकायचे, केराटिन विरघळेपर्यंत थांबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. आडव्या भिंती असलेले, फांद्या फुटलेले पारदर्शक तंतू दिसले की काम झालं. स्टेरॉइड लावलेल्या चट्ट्यात बुरशी भरपूर माजलेली असते, म्हणून ही चाचणी बहुधा सहज सकारात्मक येते. कोंडा दिसत नाही म्हणून ती टाळणं चूक. भुगा मात्र कडेवरूनच घ्यायचा, साफ झालेल्या मध्यातून घेतला तर काच रिकामी निघते.

दुसरा फोटो डाव्या कोपराजवळचा. बत्तीस वर्षांची शेतमजूर बाई, वर्षभरापासून एकच चट्टा, खाज नाही. वर्णन असं: सहा-सात सेंटिमीटरचा, आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट, मध्यात सपाट अ‍ॅन्युलर प्लाक. बाहेरची कड बहुतेक ठिकाणी ठळक, एका बाजूला पुसट, शेजारी एक लहान चट्टा. पृष्ठभाग कोरडा, भुरभुर कोंडा इकडेतिकडे, कडेवर साठलेला नाही. आणि एक खूण जी नवखा डोळा सोडून देतो: हातावर सगळीकडे लव दिसते, चट्ट्यावर ती जवळजवळ नाही. मजकुरात आणखी एक ओळ असते, चुलीवरचं भांडं उचलताना चटका बसला तो कळला नाही. इथे पर्यायांत पोटॅशियम हायड्रॉक्साइडची चाचणी, कातडीच्या चिरेतून घेतलेला स्मिअर, रक्ततपासणी आणि चट्ट्यावरची संवेदना व जवळची नस तपासणं असं काही असेल, तर पहिलं पाऊल शेवटचं आहे. स्मिअरचा मोह पडतो, कारण कुष्ठरोग म्हटलं की तो आठवतो. पण या प्रकारात जीवाणू मोजकेच असतात आणि स्मिअर बहुधा नकारात्मक येतो. नकारात्मक स्मिअरवर विसंबून ‘कुष्ठरोग नाही’ म्हणणारा डॉक्टर या बाईचं नुकसान करील.

संवेदना तपासायची पद्धत साधी आहे, पण घाईत केली तर फसते. कापसाची वात किंवा बॉलपेनचं टोक आधी रुग्णाला दाखवायचं, चांगल्या कातडीवर लावून काय करणार ते समजवायचं. मग तिने डोळे मिटायचे आणि जिथे स्पर्श होईल तिथे बोट ठेवायचं. ‘कळतंय का?’ असं विचारत राहिलं तर भिडस्त रुग्ण ‘हो हो’ म्हणत जातो. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात ही चाचणी तितकी भरवशाची नाही, कारण तिथे नसांचं जाळं दाट असतं. त्यानंतर कोपराच्या आतल्या हाडामागे असलेली अल्नार नस चाचपायची आणि दुसऱ्या हाताच्या नसेशी ताडून पाहायची. ती दोरीसारखी जाड किंवा दुखरी लागली तर निदान जवळजवळ पक्कं. याच नसेवर करंगळी आणि अनामिका सरळ राहणं अवलंबून असतं. बोटं वाकडी होण्याआधीची ही वेळ आहे.

फोटोवरून एवढं कळतं, पण फोटो फसवतोही. समोरून मारलेला फ्लॅश सावल्या पुसून टाकतो आणि उठलेला प्लाक सपाट पॅच वाटतो. बाजूने आलेल्या उजेडातला फोटो दिला असेल तर कडेची सावली पाहून उंची ठरवता येते. सपाट डागावर कातडीच्या नेहमीच्या रेषा अखंड दिसतात, हीसुद्धा मदतीची खूण आहे. नुकतीच आंघोळ झालेली असेल किंवा तेल लावलेलं असेल तर कोंडा कॅमेऱ्याला दिसत नाही. शेजारी मोजपट्टी नसेल तर आकाराचा अंदाज केस, नख किंवा बेंबी यांच्याशी ताडून करावा लागतो. फोटो फार जवळून घेतला तर चट्टा शरीरावर कुठे आहे हेच कळेनासं होतं, मग मजकुरातल्या जागेच्या उल्लेखाला फोटोइतकंच वजन द्यायचं. दाबल्यावर लाली जाते की राहते, हे तर कोणताच फोटो सांगू शकत नाही. लाली रक्तवाहिन्या फुगल्याने आहे की रक्त बाहेर झिरपल्याने, हे त्यावरून ठरतं. म्हणून परीक्षक ते शब्दांत लिहून देतो आणि विद्यार्थी नेमकी तीच ओळ वाचायची सोडतो.

रंगाबद्दल माझी तक्रार जुनी आहे. आपली मुलं ज्या जाडजूड परदेशी पुस्तकांतून शिकतात, त्यांतली बरीचशी चित्रं गोऱ्या कातडीची. तिथे सूज आली की कातडी लालभडक होते. विदर्भातल्या किंवा कोकणातल्या सावळ्या माणसाच्या अंगावर तीच सूज तपकिरी, जांभळट किंवा नुसती जास्त काळी दिसते, आणि लाली शोधणारा विद्यार्थी ‘काही नाही’ म्हणून पुढे जातो. ही उणीव इंग्लंडमध्येही जाणवली. लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातल्या मलोन मुकवेंदे या विद्यार्थ्याने शिक्षकांच्या साथीने 2020 साली ‘माइंड द गॅप’ ही पुस्तिका काढली, तिच्यात तीच लक्षणं काळ्या आणि तपकिरी कातडीवर कशी दिसतात ते दाखवलं आहे. आपल्या विद्यार्थ्यांना मात्र पुस्तिकेची वाट पाहायची गरज नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचा विभागात ओपीडीच्या दिवशी सकाळी जाऊन उभं राहिलं तर दुपारपर्यंत या लेखातली बहुतेक वर्तुळं भेटतात.

गजकर्णाचंही रूप बदलत चाललं आहे. नेहमीच्या टर्बिनाफाइनला दाद न देणाऱ्या बुरशीच्या एका जातीला जपानमधल्या संशोधकांनी 2020 साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव दिलं. ज्या रुग्णांमध्ये ती आढळली त्यांचा संबंध भारत आणि नेपाळशी होता. फोटोत ही जात वेगळी ओळखता येत नाही. चट्टे मोठे, अनेक आणि चिवट असले तर संशय येतो, पण खात्री प्रयोगशाळाच करू शकते. वर्णनाची सीमा इथे संपते आणि चांगला विद्यार्थी ती सीमा ओळखतो.

परीक्षेला बसणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की सरावाच्या वेळी खालचे चार पर्याय हाताने झाकून ठेवा. जागा, आकार, सपाट की उंच, कड कशी, कोंडा कुठे, केस आहेत का, अशा क्रमाने एक वाक्य कागदावर लिहा आणि मगच हात काढा. हे प्रत्येक फोटोला केलं तर सुरुवातीला तीन-चार मिनिटं लागतात, नंतर वाक्य मनातल्या मनात तयार होतं.

आणि ज्यांना परीक्षा द्यायची नाही अशा वाचकांनी, अंगावर गोल चट्टा उठला तर दुकानातून मिसळीचं मलम आणून लावू नये. लावलं असेल तर डॉक्टरांना त्याची ट्यूब दाखवावी, कारण मलमाने चट्ट्याचं रूप बदललेलं असतं. चट्टा खाजत नसेल, तिथे घाम येत नसेल किंवा स्पर्श कमी कळत असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तो दाखवावा. कुष्ठरोगाची गोळ्यांची पाकिटं सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. चट्टे पाचपर्यंत असतील आणि नस बाधित नसेल तर उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो, चट्टे जास्त असतील तर वर्षभराचा.